ग्लुटेन बंद केलं तरी पोट बिघडतंय. किराणा आणताना नेमकं काय बघायचं?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी मला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं निदान झालं. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन खात्री. डॉक्टरांनी एक छापील कागद हातात दिला, त्यावर "गहू, जव, राई पूर्ण बंद" एवढंच. सासूबाईंनी तो वाचला आणि त्या दिवसापासून आमच्या फोडणीतली मोहरी गेली. आठ दिवस नुसत्या जिऱ्याच्या फोडणीची आमटी खाल्ल्यावर कळलं की ती राई म्हणजे मोहरी नव्हे, 'राय' नावाचं परदेशी धान्य! आपल्याकडे ते सहसा मिळतसुद्धा नाही.

तर पोळी, पाव, बिस्किटं, रवा, शेवया सगळं बंद केलंय. पहिले पंधरा दिवस छान गेले. आता पुन्हा आठवड्यातून दोन-तीनदा पोट फुगतं, कळा येतात, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं. परवाचं खाणं लिहिते. सकाळी कांदेपोहे. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, भरली वांगी, आमटी-भात. चारला कॉर्नफ्लेक्सचा चिवडा. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप आणि भाजलेला उडदाचा पापड. यात गहू कुठे आहे? रविवारी घरीच फ्राइड राइस केला होता, सोया सॉस घालून. त्या रात्री सगळ्यात जास्त त्रास झाला.

दुकानात गेल्यावर काय वाचायचं, काय सोडायचं, कोणी अनुभवी सांगेल का?

दत्ता_फडके

ताई, एवढं घाबरू नका. हल्लीच्या संकरित गव्हाने हे सगळं झालंय. खपली गहू आणा, सांगली-कोल्हापूरकडे चांगला मिळतो. त्यात ग्लुटेन नसतं. आमचे आजोबा ८८ वर्षं जगले, रोज खपलीची खीर.

शंतनू_घ

फडकेसाहेब, आजोबांना नमस्कार, पण सायलीताईंना हा सल्ला देऊ नका. खपलीत ग्लुटेन असतं. त्याची जात थोडी वेगळी असल्यामुळे साध्या गव्हाने ज्यांचं पोट जड होतं अशा काहींना खपली सोसते, हे खरं. सिलिअ‍ॅकमध्ये तो हिशेबच लागत नाही. खपली, बन्सी, लोकवन, सिहोर सगळे गहूच.

सायली, माझ्या मुलीला नऊ वर्षांपासून सिलिअ‍ॅक आहे आणि मी स्वतः खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या त्या एका दिवसात आणि रविवारच्या फ्राइड राइसमध्ये मिळून मला गहू किंवा जव येण्याच्या पाच जागा दिसतात.

पहिली मेतकूट. आपल्या पारंपरिक मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालतात. घरी केलं असेल तर सासूबाईंना विचारा, विकतचं असेल तर पाकीट उलटं करा. दोन चमचे मेतकूट म्हणजे साधारण दहा ग्रॅम. त्यात गहू दहावा हिस्सा धरला तरी पोटात एक ग्रॅम गहू गेला, म्हणजे जवळजवळ शंभर मिलिग्रॅम ग्लुटेन. पचायला हलकं म्हणून आजारपणात हमखास दिला जाणारा पदार्थच इथे घात करतो.

दुसरी कॉर्नफ्लेक्स. चिवड्यासाठी सुटे मिळतात ते मक्याचे पोहे, जे तळावे लागतात. ते निव्वळ मक्याचे असतात. तुम्ही जर दुधात घालायचे डब्यातले कॉर्नफ्लेक्स परतून चिवडा केला असेल, तर त्यात चवीला मॉल्ट घातलेलं असतं. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. हेच मॉल्ट मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींत आणि मॉल्ट व्हिनेगरमध्येही असतं. पण मॉल्टोडेक्स्ट्रिन वाचून दचकू नका, नावात मॉल्ट असलं तरी ते सहसा मक्याच्या स्टार्चपासून करतात. आमच्या घरी पहिलं वर्ष आम्ही उगाच कितीतरी पाकिटं परत ठेवली.

तिसरी जागा हिंग. ती आमटीत, भाजीत आणि पापडातही आहे. चौथी सोया सॉस. आणि पाचवी, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे ज्वारीचं पीठ. ज्वारी कुठे दळता?

रेवा_२१

मीसुद्धा ग्लुटेन फ्री करतेय! तीन महिन्यांत साडेचार किलो उतरलं. सकाळी ओट्स, रात्री फक्त सूप. ताई, भात पण बंद करून बघा, पोट एकदम आत जातं.

सायली_कोथरूड

रेवा, माझं वजन आधीच ४३ आहे गं, मला वाढवायचंय. भात सोडला तर मी दिसणारच नाही.

शंतनूदादा, मेतकूट सासूबाईंचंच. आत्ता विचारलं, "हो, वाटीभर गहू घालतेच की, त्याशिवाय मेतकूट कसलं?" कॉर्नफ्लेक्स डब्यातलेच होते. ज्वारी आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत टाकते. हिंगाचा डबा बघितला. "खाद्य गोंद, गव्हाचं पीठ, हिंग, खाद्यतेल" असं लिहिलंय. अहो, म्हणजे हिंगात हिंग तिसऱ्या नंबरवर?

शंतनू_घ

तसंच असतं. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. शुद्ध हिंग इतका उग्र आणि चिकट की तो थेट वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ घालून बांधतात. उत्तरेकडे आणि आपल्याकडे बहुतेक डब्यांत मैदा, काहींत तांदळाचं पीठ. तुम्हाला तांदळाच्या पिठातला हवा. मिळतो, फक्त डबा वाचून घ्यायचा. एकाच कंपनीचे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात, एक गव्हाचा आणि एक तांदळाचा. दर वेळी नव्याने वाचा, कारण कृती बदलली तरी डब्याचा रंग तोच राहतो.

अपर्णा_ठाणे

चिमूटभर हिंगाने खरंच काही होतं का? जरा अतीच वाटतंय. माझ्या नणंदेला पण असंच आहे आणि ती बिनधास्त सगळीकडे जेवते.

शंतनू_घ

प्रश्न योग्य आहे, हिशेबच मांडू. चिमूट म्हणजे पाव ग्रॅम धरा. त्यातलं निम्मं मैदा म्हटलं तर १२५ मिलिग्रॅम पीठ. पिठात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा, म्हणजे पातेल्यात १२ मिलिग्रॅमच्या आसपास. चार जण जेवले तर एकाच्या वाट्याला तीन.

आता हे थोडं की फार? इटलीतल्या २००७ सालच्या एका अभ्यासात सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेव्हा आतड्याला इजा दिसली. रोज १० च्या गटात तसं स्पष्ट दिसलं नाही. म्हणून दिवसाला दहाच्या आत राहा असं सर्वसाधारणपणे सांगतात. एका आमटीचा हिंग त्यात बसतो. पण आमटी, भाजी, ताक, पापड, लोणचं असं सगळं जोडलं की दहा तिथेच संपतात आणि बाकीच्या चुकांना जागाच उरत नाही. डबा बदलून जे टळतं ते का ठेवायचं, एवढाच माझा मुद्दा.

आता गिरण. ज्वारीच्या आधी गहू दळला असेल आणि किलोभर दळणात गव्हाचं फक्त दोन चहाचे चमचे पीठ मिसळलं, समजा पाच ग्रॅम. त्यात अर्धा ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे किलोला ५०० मिलिग्रॅम. भारतात पाकिटावर "ग्लुटेन फ्री" लिहायचं तर मर्यादा किलोला २० ची आहे. दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागलं तर पोटात ६० मिलिग्रॅम. चर्चा सगळी हिंगाची होते, आणि त्याच्या वीसपट आपण भाकरीतून खातो.

नणंदेबद्दल: त्रास जाणवत नाही म्हणजे इजा होत नाही असं नसतं. तिची टीटीजी परत कधी केली होती, विचारून बघा.

म्हादू_पाटील_तासगाव

आमची गिरण आहे, वडलांच्या काळापासून. शंतनूराव दोन चमचे म्हणतात ते कमीच झालं. वर टोपात थोडं राहतं, दगडाच्या टाक्यांत बसतं, आणि पीठ पडतं त्या तोंडाला जी कापडाची पिशवी बांधलेली असते, तिला आतून बोटभर थर असतो. ती झटकली की पावशेर निघतं कधी कधी. गिऱ्हाईक ओरडू नये म्हणून आम्ही ज्वारीवर ज्वारी घेतो, पण पहिल्याची ज्वारी गव्हावरच पडते ना. तांदूळ आधी घालून गिरण साफ होते म्हणतात, होते थोडीफार. पिशवीचं काय?

खरं सांगायचं तर कोणी आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं तर मी नाही म्हणतो. उगाच पाप नको. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची गिरण वेगळी असते, पण खोली एकच. हवेत पीठ उडतं तेच सगळीकडे बसतं. आमच्या भुवया बघा संध्याकाळी.

सायली_कोथरूड

म्हादूकाका, एवढं सरळ कोणी सांगत नाही हो. धन्यवाद. मग घरघंटीच घ्यावी लागणार?

म्हादू_पाटील_तासगाव

घ्या, पण तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही. शेजारणीला उसनी द्यायची नाही. जुनी तर घेऊच नका. आणि ज्वारी निवडा. आमच्याकडे आलेल्या पोत्यात गव्हाचे दाणे दिसतात, मळणी यंत्र तेच, पोती तीच.

नेहा_न्यूजर्सी

वाचनखूण साठवली. माझ्या नवऱ्याला हेच आहे म्हणून इकडची एक गोष्ट सांगते, कारण भारतातून येणारे लोक इथे फसतात. अमेरिकेत पाकिटावर गहू असल्याचं लिहावं लागतं, बरेचदा ते खाली "कन्टेन्स व्हीट" असं असतं, पण तो नियम गव्हापुरता आहे, जवाला लागू नाही. त्यामुळे खाली गहू नाही म्हणून आपण खूश, आणि वर घटकांत "बार्ली मॉल्ट" बसलेलं. इथे सगळी यादी वाचावीच लागते. भारतात काय आहे?

अवांतर: सोया सॉसबद्दल मला वाटतं भीती नको. तो महिनोन्महिने आंबवतात, त्यात ग्लुटेन तुटून जातं. आमच्या ओळखीतले एक जण बिनदिक्कत खातात.

शंतनू_घ

भारतात याबाबत नियम बरा आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत गहू, राय, जव, ओट्स ही सगळी ग्लुटेनची धान्यं म्हणून एकत्र धरली आहेत आणि "कन्टेन्स" म्हणून वेगळी लिहायला लावली आहेत. म्हणून मी दुकानात आधी तीच ओळ शोधतो. सहसा घटकांच्या यादीखाली असते. तिथे ग्लुटेन दिसलं की पाकीट परत, पुढचं वाचायचंच नाही. तिथे नसेल तरच वरची यादी वाचायची: गहू, मैदा, रवा, जव, मॉल्ट, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. शेवटचं हे सोयाचंही असतं आणि गव्हाचंही, कशाचं ते लिहिलेलं नसेल तर मी घेत नाही. "मे कन्टेन" म्हणजे पदार्थात घातलेलं नाही, पण त्याच कारखान्यात गहू आहे. निदान झाल्यावर पहिलं वर्ष तरी तेही टाळा. सुट्या मालावर यातलं काहीच नसतं. म्हणून डाळीचं पीठ, तांदळाची पिठी, फरसाण सुटं नको. बेसनाच्या पिंपातला डाव आधी मैद्याच्या पिंपात होता की नाही, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आता सोया सॉस. नेहा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पारंपरिक सॉस सोयाबीन आणि गहू जवळजवळ सारखे घेऊन आंबवतात, आणि त्यात ग्लुटेनचे तुकडे होतात. गंमत अशी की ग्लुटेन मोजायची नेहमीची चाचणी अखंड ग्लुटेन पकडते, तुकडे नीट पकडत नाही. त्यामुळे चाचणीत कमी आलं म्हणजे आतड्यालाही कमी लागलं, हे सिद्ध होत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये नियम केला की आंबवलेल्या पदार्थावर "ग्लुटेन फ्री" लिहायचं तर आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेनमुक्त हवा. आपल्याकडे मिळणारे बरेच स्वस्त सॉस तर धड आंबवलेलेही नसतात. पाणी, मीठ, कॅरॅमल रंग आणि तेच हायड्रोलाइज्ड प्रोटीन.

नेहा_न्यूजर्सी

चाचणीचं माहीत नव्हतं. तरी आमचे हे गृहस्थ सहा वर्षं खातायत आणि त्यांची टीटीजी नॉर्मल आहे, त्याचं काय?

शंतनू_घ

त्यांचं त्यांना लखलाभ. मला यावर ठाम उत्तर देता येत नाही. मुलीसाठी मी तामारी नावाचा जपानी सोया सॉस आणतो. तो बहुतेक गव्हाशिवाय करतात, पण सगळेच नाही, बाटली वाचावीच लागते. महाग आहे, म्हणून घरी चायनीज महिन्यातून एकदाच.

अपर्णा_ठाणे

चिप्सचं सांगा ना कोणी. पोरांना घेताना काय बघायचं?

शंतनू_घ

खारे घ्या. बटाटा, तेल, मीठ, संपलं. मसालेदार घेतलं की यादी वीस ओळींची होते, आणि मसाला चिकटावा म्हणून त्यात कधी गव्हाचं काही असतं, कधी सोया सॉसची भुकटी. तांदूळ-मका-बेसनाच्या कुरकुरीत कांड्यांचंही तेच. शेव नुसत्या बेसनाची म्हणून घेतो आपण, पण तिच्यात हिंग आहे, आणि फरसाणवाल्याच्या कढईत आधी शंकरपाळे पोहून गेलेले असतात. भडंग घरी करा. उपासाचे पदार्थ मात्र वरदान आहेत: राजगिरा लाडू, बटाट्याचा कीस, साबुदाणा, वरी. माझी मुलगी म्हणते, "बाबा, माझी रोजच एकादशी."

आणि सातूचं पीठ कोणी प्रेमाने दिलं तर नको म्हणा. सातू म्हणजे मुळात जव, आणि आपल्या घरांत त्या नावाने भाजलेला गहू आणि डाळं एकत्र दळतात. दोन्हीकडून अडचण.

रेवा_२१

थांबा, ओट्स यात कुठे बसतात? मी रोज खाते.

शंतनू_घ

तुम्हाला सिलिअ‍ॅक नसेल तर खा. साधे ओट्स गव्हाच्याच शेतात-गोदामात फिरतात, म्हणून सायलीला नकोत. खास ग्लुटेन फ्री लिहिलेले बहुतेकांना चालतात, काहींना तेही सोसत नाहीत. पहिले काही महिने नको, मग डॉक्टरांना विचारून. आणि रेवा, एक विनंती. पोटाचा खरंच त्रास असेल तर गहू बंद ठेवण्याआधी टीटीजी करून घ्यायला हवी होती. तीन महिने बंद ठेवल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

रेवा_२१

अरे देवा. पोटाचा त्रास होता म्हणूनच सुरू केलं होतं. म्हणजे आता परत पोळ्या खायच्या आणि मग तपासायचं?

शंतनू_घ

बहुधा तसंच, पण किती आणि किती दिवस ते पोटाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इथून नको.

दत्ता_फडके

खपलीबद्दल मी आमच्या वैद्यांना विचारलं. ते म्हणाले सिलिअ‍ॅक असेल तर नको. तर ते मागे घेतो. मात्र आजोबांबद्दल काही मागे घेत नाही.

सायली_कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

मेतकूट गव्हाशिवाय केलं. सासूबाई आधी नाराज होत्या. गव्हाऐवजी तांदूळ वाढवला आणि हिंग तांदळाच्या पिठातला घातला. चव सत्तर टक्के, असा निकाल त्यांनीच दिला. तो हिंग पहिल्या दोन दुकानांत मिळाला नाही. तिसऱ्यात शेल्फवर एकाच कंपनीचे दोन पिवळे डबे होते, शंतनूदादांनी लिहिलं होतं अगदी तसे. मागची बारीक अक्षरं वाचायला मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागला. मागे रांगेतल्या बाई म्हणाल्या, "हिंग घ्यायला एवढा वेळ?"

घरघंटी अजून घेतली नाही, किंमत बघून मागे सरले. सध्या ग्लुटेन फ्री लिहिलेलं ज्वारीचं पाकीटबंद पीठ आणते. सुट्या ज्वारीच्या मानाने खूपच महाग, म्हणून भाकरी फक्त माझ्यापुरती. परात आणि चाळणी नवी घेतली. जुन्या चाळणीच्या कडेला पोळ्यांच्या कणकेचा थर होता, तो बघून सगळा प्रकार समजला. पापड सोडला. कॉर्नफ्लेक्सऐवजी मक्याचे पोहे तळले.

या तीन आठवड्यांत एकदाच त्रास झाला, आणि तो कशाने ते सापडलेलं नाही. त्या दिवशी बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. फक्त शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद आला होता, तो मी नुसता कपाळाला लावून मुलाला दिला. हाताने. नंतर हात धुतला की नाही, आठवत नाही. टीटीजी सहा महिन्यांनी परत करायची आहे.

आता दिवाळीचा प्रश्न. चकलीची भाजणी घरची करायची, धान्य भाजणं होईल, पण दळायची कुठे? मिक्सरवर चकलीइतकं बारीक पीठ कोणी केलंय का?

म्हादू_पाटील_तासगाव

मिक्सरवर रवाळ राहील, चकली तुटेल. वस्त्रगाळ करून बघा. नाहीतर तासगावला या, जुनं जातं आहे आईचं, त्यावर आम्ही फक्त हळद दळतो. चकली पिवळी होईल एवढंच.